हवामानाचा नकाशा शब्दांत कसा टिपून ठेवायचा

गेल्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होतं, तेव्हा प्रयाग चिखलीच्या एका शेतकरी मित्राचा फोन आला. "सर, एकोणीसच्या महापुरात नकाशा कसा हुता? आत्तासारखाच हुता का?" प्रश्न अगदी रास्त होता. मी आमच्या जुन्या ग्रुपवर मागे मागे जात ऑगस्ट २०१९ पर्यंत पोचलो. रोज सकाळी मीच नकाशा टाकत होतो. पण चित्रांच्या जागी नुसते धुरकट चौकोन होते, आणि दाबलं की फाइल आता उपलब्ध नाही असं उत्तर येत होतं. खाली माझ्याच हातची ओळ होती: "आजचा नकाशा बघा, परिस्थिती गंभीर."

त्या ओळीतून काहीच कळत नव्हतं. कमी दाबाचं केंद्र कुठे होतं, किती खोल होतं, किनाऱ्यालगत रेषा किती दाटल्या होत्या, यातलं काहीही तिच्यात नव्हतं. नकाशांचं चित्र हरवणं नेहमीचंच आहे. बऱ्याच संकेतस्थळांवर नवा नकाशा जुन्याच नावाने जुन्याच जागी चढवतात, त्यामुळे जपून ठेवलेली लिंक उघडली की आजचाच नकाशा दिसतो. फोन बदलला की गॅलरी जाते. म्हणून त्या दिवसापासून मी नकाशासोबत सात-आठ ओळींची नोंद लिहायला लागलो. चित्र नसलं तरी त्या ओळींवरून कोऱ्या नकाशावर मुख्य गोष्टी पुन्हा काढता आल्या पाहिजेत, एवढीच कसोटी. ती नोंद कशी लिहायची ते इथे सांगतो.

आधी नकाशाची ओळख

पहिल्या ओळीत चार गोष्टी येतात: नकाशा कोणी काढला, तो कशाचा आहे, कोणत्या वेळेचा आहे आणि रेषांमधलं अंतर किती आहे.

वेळेत सर्वांत जास्त चुका होतात. नकाशावरची वेळ यूटीसीमध्ये असते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. ०० यूटीसी म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, ०३ म्हणजे सकाळचे साडेआठ, १२ म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. २१ यूटीसीचा नकाशा मात्र आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या पहाटे अडीचचा होतो, म्हणजे तारीखच बदलते. मी नेहमी यूटीसीची तारीख आणि वेळ लिहितो आणि पुढे भारतीय वेळ जोडतो. फाइलचं नावही तसंच ठेवतो:

```
2024-07-25_03UTC_MSLP.txt
```

यातलं शेवटचं अक्षर-चतुष्टय म्हणजे समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब. नकाशा प्रत्यक्ष नोंदींवरून काढलेला, म्हणजे विश्लेषण आहे, की पुढच्या चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांचा अंदाज आहे, हेही इथेच लिहायचं. दोन्ही दिसायला सारखेच असतात. वर्षभराने नोंद वाचताना अंदाजाला घडलेली गोष्ट समजलात, तर त्यावर बांधलेला सगळा विचार चुकतो.

समदाब रेषा सारखा दाब असलेल्या जागा जोडते. रेषांमधलं अंतर, म्हणजे एका समदाब रेषेपासून दुसरीपर्यंत दाब किती बदलतो ते. आपल्या हवामान खात्याच्या नकाशात ते २ हेक्टोपास्कल असतं, ब्रिटनच्या नकाशात ४. (हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच, फक्त नाव वेगळं.) हे लिहिलं नाही, तर "पाच रेषा दाटल्या होत्या" याचा अर्थ ८ हेक्टोपास्कल की १६, हे कधीच कळणार नाही.

रेषांवर १००४, ९९८ असे आकडे असतील तर तो दाबाचा नकाशा. १४४०, १४७० असे आकडे दिसले तर बहुधा तुमच्यासमोर वरच्या हवेचा, ८५० हेक्टोपास्कल पातळीचा नकाशा आहे आणि ते आकडे उंचीचे, मीटरमधले आहेत. तोही उपयोगी असतो, पण त्याची नोंद वेगळी ठेवावी.

केंद्रं: कुठे आणि किती खोल

आता नकाशावरची L आणि H ही अक्षरं शोधा. L म्हणजे कमी दाब, H म्हणजे जास्त दाब. प्रत्येकाची जागा अक्षांश-रेखांशात लिहा, अर्ध्या अंशापर्यंत. त्याहून बारीक वाचायचा प्रयत्न करू नका, कारण मोबाइलच्या पडद्यावर तेवढा नेमकेपणा मिळत नाही. एक अक्षांश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या अंशाची चूक साधारण कोल्हापूर ते कराडपेक्षा थोडी कमी. मान्सूनच्या कमी दाबासाठी एवढं चालतं. अंशांपुढे जवळचं गावही लिहा: पारादीपच्या पूर्वेला, बालासोरच्या दक्षिणेला. आकडा लिहिताना चुकला तर गावावरून लक्षात येतं.

जागा वाचताना चित्राच्या कडेवरचे आकडे पाहून नजरेनेच रेषा ओढू नका. बऱ्याच नकाशांत अक्षांश-रेखांशाच्या रेषा वाकलेल्या असतात. केंद्राच्या अगदी जवळच्या दोन छापील रेषा धरा आणि त्यांच्यामधलं अंतर मनात वाटून घ्या.

खोलीसाठी मला एक साधी रीत सापडली. बऱ्याचदा केंद्राशेजारी दाबाचा आकडा छापलेला नसतो. तेव्हा सर्वांत आतली बंद रेषा कोणती ते पाहायचं. ती ९९४ ची असेल आणि तिच्या आत ९९२ ची नसेल, तर केंद्राचा दाब ९९४ पेक्षा कमी पण ९९२ पेक्षा जास्त आहे. नोंदीत "९९२ ते ९९४ दरम्यान" असंच लिहायचं. "९९३" लिहिलंत, तर पुढे वाचणाऱ्याला ते मोजलेलं वाटेल.

केंद्राभोवती बंद रेषा किती, तेही लिहा. आपल्याकडे २ हेक्टोपास्कलच्या अंतराने एक बंद रेषा म्हणजे साधं कमी दाबाचं क्षेत्र, दोन म्हणजे डिप्रेशन, तीन म्हणजे डीप डिप्रेशन आणि चार किंवा जास्त म्हणजे चक्रीवादळ, असा ढोबळ हिशेब धरतात. समुद्रावर खरा निकष वाऱ्याच्या वेगाचा असतो: १७ नॉटच्या खाली कमी दाबाचं क्षेत्र, १७ ते २७ डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन. पण नकाशावरून मोजता येतात त्या रेषाच, म्हणून त्या मोजून ठेवायच्या.

मोजताना एक पडताळा घ्या. बाहेरून L कडे जाताना प्रत्येक रेषेला आकडा दोनाने उतरला पाहिजे. १०००, ९९८, ९९४ असं आलं, तर ९९६ तुमच्या नजरेतून सुटली आहे किंवा एखादा आकडा चुकीच्या रेषेचा वाचलात.

दोन काप: सगळ्या रेषा न लिहिता सगळं सांगायचं

सुरुवातीला मी प्रत्येक समदाब रेषेचा प्रवास लिहायचो. अर्धा तास जायचा, आणि पुन्हा वाचताना चित्र डोळ्यांसमोर यायचं नाही. मग मी नकाशाचे दोन काप घ्यायला लागलो. भाकरी तोडून आत शिजली का ते पाहतो, तसंच.

पहिला काप पश्चिम किनाऱ्याचा. तिरुवनंतपुरमपासून निघायचं आणि किनाऱ्याने मंगळूर, कारवार, रत्नागिरी, मुंबई करत सुरतेपर्यंत जायचं. वाटेत कोणती रेषा कोणत्या गावापाशी किनारा ओलांडते, एवढंच लिहायचं. कोल्हापूरच्या दृष्टीने नोंदीतली ही सर्वांत महत्त्वाची ओळ. पावसाळ्यात दक्षिणेला दाब जास्त आणि उत्तरेला कमी असतो. या किनाऱ्यावर रेषा जितक्या जास्त आणि जवळ, तितका अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा जोरदार, आणि तोच वारा घाटाला आदळून गगनबावडा, राधानगरीकडे पाऊस ओततो.

दुसरा काप ८० पूर्व रेखांशाचा, चेन्नईच्या जवळून सरळ उत्तरेकडे. उत्तरेकडे जाताना आकडे उतरत जातात, एका जागी सर्वांत कमी होतात आणि मग पुन्हा चढतात. ती सर्वांत कमी जागा म्हणजे मान्सूनचा आस, राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा लांब पट्टा. आसाची नोंद करायची रीत हवामान खात्याच्या रोजच्या निवेदनात आयतीच सापडते. तिथे तो कोणत्या गावांवरून जातो ते ओळीने लिहितात: जैसलमेर, कोटा, गुना, दमोह असं. मीही तसंच लिहितो आणि मग दुसऱ्या कापातल्या सर्वांत कमी जागेशी ते जुळतं का पाहतो.

राहिला किनारपट्टीलगतचा कमी दाबाचा पट्टा. बातम्यांत हे शब्द कायम येतात, पण नकाशावर तो बऱ्याचदा वेगळा काढलेला नसतो, रेषांच्या वळणावरून ओळखावा लागतो. समुद्रातून सरळ येणारी समदाब रेषा किनाऱ्याजवळ आली की दक्षिणेकडे झुकते. म्हणून त्याच रेषेची जागा दोन ठिकाणी लिहायची, ७० पूर्व रेखांशावर समुद्रात आणि किनाऱ्यावर. १००६ ची रेषा समुद्रात १६ उत्तरला आणि किनाऱ्यावर कारवारपाशी, म्हणजे पावणेपंधरा उत्तरला असेल, तर ती सव्वा अंश खाली उतरली. पट्टा आहे. दोन्ही जागा सारख्या असतील तर त्या नकाशात पट्टा नाही, बातमी काहीही म्हणो.

फ्रंट

आपल्या पावसाळी नकाशांत फ्रंट जवळजवळ नसतातच. थंड आणि उबदार हवेच्या मोठ्या राशी जिथे एकमेकींना भिडतात, तिथे फ्रंट तयार होतात, आणि ते मुख्यतः मध्य अक्षांशांत घडतं. पण युरोपात शिकायला गेलेल्या मुलांकडून तिकडचे नकाशे येतात, आणि त्यांची नोंद फ्रंटशिवाय निरर्थक होते.

इथली मोठी चूक म्हणजे रंग लिहिणं. "निळी रेषा आयर्लंडवरून" असं लिहिलेली नोंद काळ्या-पांढऱ्या नकाशाच्या उपयोगाची नाही. आकार लिहा. त्रिकोण असतील तर शीत फ्रंट, अर्धवर्तुळं असतील तर उष्ण, दोन्ही एकाच बाजूला असतील तर ऑक्लूजन, आणि दोन्ही विरुद्ध बाजूंना असतील तर जागेवर थांबलेला फ्रंट. हे दात फ्रंट ज्या दिशेला सरकतो आहे तिकडे तोंड करून असतात, म्हणून दात कोणत्या बाजूला आहेत हे प्रत्येक वेळी लिहायचं.

फ्रंटची वाट केंद्रापासून बाहेरच्या दिशेने बिंदूंनी लिहायची. तीन-चार बिंदू पुरतात, पण वळणावर बिंदू हवाच. उष्ण आणि शीत फ्रंट जिथे मिळून ऑक्लूजन सुरू होतं, तो त्रिबिंदू कधीच सोडू नका, कारण तिन्ही वाटा तिथूनच फुटतात. अशी नोंद होते:

"L ९७८, ५९ उ १० प. ऑक्लूजन: केंद्र, ५७ उ ५ प, त्रिबिंदू ५४ उ ४ प. उष्ण: त्रिबिंदू, ५१ उ २ पू, दात ईशान्येला. शीत: त्रिबिंदू, ५० उ ८ प, ४५ उ १८ प, दात आग्नेयेला."

इथे 'पू' आणि 'प' यांत गफलत झाली तर फ्रंट थेट दुसऱ्या समुद्रात जातो, म्हणून रेखांशाची दिशा गृहीत धरू नका. पडताळा असा: समदाब रेषा फ्रंट ओलांडताना सहसा मोडते, आणि त्या मोडीचं टोक जास्त दाबाकडे असतं. तुमच्या बिंदूंजवळ रेषा सुरळीत जात असतील तर जागा पुन्हा वाचा.

नकाशा असा आकड्यांत लिहिणं ही काही माझी युक्ती नाही. अमेरिकेच्या हवामान सेवेचं पृष्ठभाग विश्लेषण आजही आकड्यांच्या मजकुरातून निघतं. त्याच्या साध्या रूपात अशा ओळी असतात:

```
LOWS 1002 42095
COLD 42095 39097 35101
```

पहिल्या ओळीचा अर्थ १००२ चा कमी दाब, ४२ उत्तर ९५ पश्चिम. दुसरीत शीत फ्रंटचे तीन बिंदू. मला मराठीत लिहिलेलं बरं वाटतं, कारण ग्रुपमधल्या कुणालाही ते वाचता येतं.

एक नोंद पूर्ण करून

आता सरावासाठी मी मनाने रचलेला एक जुलैचा नकाशा घेऊ. त्याची नोंद अशी होईल:

"विश्लेषण, समुद्रसपाटीचा दाब, ०३ यूटीसी (सकाळी ८:३०), अंतर २.
L: वायव्य बंगालचा उपसागर, २०.५ उ ८७.५ पू, पारादीपच्या पूर्वेला. बंद रेषा दोन (९९६, ९९४). केंद्र ९९२ ते ९९४.
L: पाकिस्तान, २९ उ ७० पू, बंद रेषा एक (९९६).
आस: जैसलमेर, कोटा, गुना, दमोह, पेंड्रा रोड, संबलपूर, तिथून उपसागरातल्या केंद्रापर्यंत.
किनारा: १०१० तिरुवनंतपुरम, १००८ मंगळूरच्या दक्षिणेला, १००६ कारवार, १००४ रत्नागिरी, १००२ मुंबई, १००० सुरत.
८० पू: १००४ १४ उ, १००२ १६.५ उ, १००० १९ उ, ९९८ २१.५ उ, सर्वांत कमी २३.५ उ, पुन्हा ९९८ २५.५ उ.
पट्टा: १००६ समुद्रात (७० पू) १६ उ, किनाऱ्यावर १४.८ उ. आहे.
शंका: पाकिस्तानवरचा आकडा पुसट, ९९६ की ९९८ नक्की नाही."

वाचून पाहा. किनाऱ्यावर तिरुवनंतपुरम ते सुरत १० हेक्टोपास्कलचा उतार आहे, म्हणजे वारा जोरात. डिप्रेशन ओडिशाच्या तोंडाशी आहे. आस ८० पूर्वला साडेतेवीसवर आहे, आणि गावांच्या यादीतले दमोह आणि पेंड्रा रोड याच जागेच्या दोन बाजूंना येतात, म्हणजे दोन नोंदी एकमेकींना धरून आहेत. कोल्हापूर १००४ च्या रेषेच्या अगदी जवळ, म्हणजे १००४ च्या आसपास पडतं. चित्र हरवलं तरी हे सगळं हातात राहतं.

शेवटची 'शंका' ही ओळ वगळू नका. जे दिसलं नाही ते दिसलं नाही असं लिहिलेलं असलं, की बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवता येतो.

दोन ठिकाणी फसगत होते

पहिली फोनमधल्या दाबमापकाची. काही जण नोंदीत घरी वाचलेला आकडाही लिहितात आणि तो ९४२ निघाला की घाबरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचावर आहे. तेवढ्या उंचीमुळे पावसाळ्यात दाब जवळपास ६४ हेक्टोपास्कलने कमी भरतो, म्हणून नकाशावर १००६ असताना घरी ९४२ च्या आसपास दिसणं बरोबरच आहे. लिहायचं असेल तर "घरचा, कच्चा" असं पुढे नमूद करा आणि नकाशाच्या आकड्यांत मिसळू नका.

दुसरी फसगत सूक्ष्म आहे. आपल्या भागात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. सकाळच्या चढापासून दुपारच्या उतारापर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो, म्हणजे एका आख्ख्या समदाब रेषेएवढा. सकाळी साडेआठच्या नोंदीशी संध्याकाळी साडेपाचची नोंद ताडून "दाब घसरला, कमी दाब वाढतोय" असा निष्कर्ष मीही काढला आहे, आणि तो चुकला. आजची साडेआठची नोंद कालच्या साडेआठच्या नोंदीशीच ताडायची.

नोंदीची परीक्षा

नोंद पुरेशी झाली का, हे लिहिणाऱ्याला लगेच कळत नाही, कारण चित्र अजून डोळ्यांसमोर असतं. म्हणून आठवड्यातून एकदा मी भारताचा कोरा नकाशा घेतो, तीन-चार दिवसांपूर्वीची नोंद समोर ठेवतो आणि पेन्सिलीने काढतो. आधी केंद्रं, मग आस, मग दोन्ही कापांवरचे बिंदू जोडून रेषा. मूळ चित्र अजून हाताशी असेल तर शेजारी ठेवून पाहतो. माझ्या पहिल्या काही नोंदींत आसाची गावं होती पण दुसरा काप नव्हता, त्यामुळे मध्य भारतात रेषा कशा न्यायच्या ते कळेना. ८० पूर्वचा काप मी त्यानंतरच सुरू केला.

आणि चित्र आधीच गेलं असेल तर

चिखलीच्या मित्राला उत्तर तर द्यायचं होतं. अशा वेळी पहिला आधार म्हणजे त्या दिवसांची लेखी निवेदनं, कारण मजकूर चित्रापेक्षा जास्त ठिकाणी जपलेला असतो. दुसरा आधार ERA5 ही युरोपीय हवामान केंद्राची पुनर्विश्लेषण मालिका. तिच्यात १९४० पासून तासातासाचा समुद्रसपाटीचा दाब पाव अंशाच्या जाळीवर मिळतो. त्यावरून दोन्ही काप पुन्हा मोजता येतात. मात्र ती गणिताने रचलेली हवा आहे. त्या सकाळी नकाशा काढणाऱ्याने आस नेमका कोणत्या गावावरून नेला किंवा फ्रंट कुठे ओढला, ते तिच्यात नसतं.

निवेदनांवरून एक गोष्ट पक्की झाली: ७ ऑगस्ट २०१९ ला बंगालच्या उपसागरातलं डीप डिप्रेशन बालासोरजवळ किनारा ओलांडून आत आलं होतं. तेवढं मित्राला लगेच कळवलं. किनाऱ्यावरचा काप पुनर्विश्लेषणातून नंतर सावकाश मोजला आणि वहीत उतरवला. त्या पानावर वर लाल शाईने लिहिलं आहे: "नंतर रचलेली नोंद, मूळ चित्र पाहिलेलं नाही."